दोन टिंबांचे भाऊसाहेब

प्रत्येक कचेरीत एक माणूस असा असतो, की त्याच्या टेबलावर गेलेला मसुदा वर सहीला जात नाही, परत खाली येतो. मजकुराबद्दल त्याची तक्रार नसते. आकडे चुकले असतील तर ते पाहायला लेखाशाखा आहे, कायदा चुकला असेल तर ते पाहायला कोर्ट आहे. हा माणूस फक्त टिंबं पाहतो. आमचे भाऊसाहेब महसूल खात्यातून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले आणि आमच्या सोसायटीत राहायला आले. खातं सुटलं, टिंबं सुटली नाहीत. हिरवी शाई राजपत्रित अधिकाऱ्यांची. ती नोकरीभर वाट्याला आली नाही, त्याचं उट्टं ते लाल शाईने काढतात.

लग्नपत्रिका हातात पडली की लोक तारीख आणि कार्यालय पाहतात, भाऊसाहेब ‘आपले नम्र’ नंतर काय आहे ते पाहतात. गणपतीच्या वर्गणीची पावती त्यांनी एकदा उलटवून परत दिली होती, पैसे मात्र दिले. पण या सगळ्या किरकोळ शिकारी. त्यांचं खरं सावज म्हणजे कागदपत्रांची यादी. अर्जाच्या वर, नोटिशीच्या खाली, भिंतीवर, काचेवर, जिथे जिथे ‘आवश्यक कागदपत्रे’ असं लिहिलेलं असेल तिथे भाऊसाहेब थांबतात, चष्मा कपाळावरून नाकावर आणतात आणि यादी न वाचता यादीच्या आधीचं वाक्य वाचतात.

“यादी कुणीही करतं हो,” ते म्हणतात. “यादीच्या दारात काय उभं केलंय ते बघा. दोन टिंबं की एक?”

दोन टिंबं म्हणजे अपूर्णविराम. मोडीत लिहिणाऱ्या आपल्या पूर्वजांना यातलं काहीच लागत नव्हतं, एका दमात ओळीच्या ओळी लिहून ते सनदा देत आणि घेत. एकोणिसाव्या शतकात मेजर कँडी वगैरे साहेबांच्या खटपटीने ही चिन्हं इंग्रजीतून मराठीत रुळली. भाऊसाहेबांचा कँडीवर राग नाही. त्यांचं म्हणणं एवढंच, की साहेबाने चिन्ह दिलं, वाक्य दिलं नाही. वाक्य आपलंच राहिलं, आणि आपल्या वाक्यात क्रियापद शेवटी येतं.

या एका गोष्टीवर त्यांचं सगळं शास्त्र उभं आहे. इंग्रजीत क्रियापद आधी उरकून जातं आणि यादी मागाहून येते, म्हणून तिथे यादीच्या तोंडाशी दोन टिंबं सहज बसतात. मराठीत ‘अर्जासोबत आधारकार्ड, शिधापत्रिका आणि शाळा सोडल्याचा दाखला जोडावा’ असं म्हणताना यादी वाक्याच्या पोटात असते आणि ‘जोडावा’ तिच्या पाठीमागून येतो. आता इंग्रजी नमुना समोर ठेवून कुणी लिहितं, ‘अर्जासोबत : आधारकार्ड, शिधापत्रिका आणि शाळा सोडल्याचा दाखला जोडावा.’ भाऊसाहेब हे वाक्य मोठ्याने वाचून दाखवतात. ‘अर्जासोबत’ म्हणून थांबतात. खूप थांबतात. ऐकणाऱ्याला वाटतं, यांना धाप लागली. मग म्हणतात, “बघा, मी कुठे अडलो? कर्ता नाही, कर्म नाही, क्रियापद नाही, आणि याने मला उभं करून ठेवलंय!”

शाळेच्या व्याकरणात नियम असा, की वाक्याच्या शेवटी तपशील द्यायचा असेल तर अपूर्णविराम. सगळे ‘तपशील’ या शब्दावर बोट ठेवतात. भाऊसाहेब ‘वाक्याच्या शेवटी’ यावर ठेवतात. वाक्य संपलं पाहिजे, मग टिंबं. यादी मागे ठेवायची असेल तर क्रियापद पुढे ओढून आणा : ‘अर्जासोबत पुढील कागदपत्रे जोडावीत : आधारकार्ड, शिधापत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला.’ ‘पुढील कागदपत्रे’ या दोन शब्दांनी यादीची जागा धरून ठेवली, ‘जोडावीत’ने वाक्य मिटवलं आणि मग दोन टिंबांनी यादीला आत घेतलं. ओढून आणायचं नसेल तर टिंबं काढून टाका, साधं वाक्य राहू द्या. तीन कागदांसाठी साधं वाक्य पुरतं. सात कागद झाले की पुरत नाही, कारण वाचणारा ‘जोडावीत’पर्यंत पोहोचतो तेव्हा पहिले तीन विसरलेला असतो.

वहिनी या सगळ्याला कंटाळलेल्या आहेत, हे वेगळं सांगायला नको. त्यांनी एकदा फ्रिजवर चिठ्ठी लावली : ‘येताना : कोथिंबीर, लिंबं, अर्धा किलो साबुदाणा आणा.’ भाऊसाहेबांनी टिंबांवर लाल काट मारली आणि मगच पिशवी घेतली. दुसऱ्या वेळी वहिनींनी लिहिलं, ‘येताना एवढं आणा : कोथिंबीर, लिंबं, साबुदाणा.’ भाऊसाहेब खूश झाले आणि चिठ्ठी पाकिटात जपून ठेवली. साबुदाणा आणायला विसरले.

त्यांच्या या वेडाकडे आम्ही सगळे करमणूक म्हणून पाहत होतो, सोसायटीच्या नोटिशीपर्यंत.

आमचे सेक्रेटरी तरुण आहेत, संगणकाच्या धंद्यात आहेत, आणि चांगले आहेत. सोसायटीत फ्लॅट विकले-घेतले जातात, भागपत्रावर नवं नाव चढवायला लोक येतात, दर वेळी तेच तेच सांगावं लागतं, म्हणून त्यांनी फलकावर एक नोटीस लावली. ती अशी होती :

‘सदनिकेच्या हस्तांतरासाठी खालील कागदपत्रे जोडावीत, मूळ प्रती पडताळणीसाठी आणाव्यात : विहित नमुन्यातील अर्ज, नोंदणीकृत करारनामा, सूची क्रमांक दोन, भागपत्र, थकबाकी नसल्याचा दाखला, हस्तांतर शुल्क ५०० रुपये आणि प्रवेश शुल्क १०० रुपये.’

तुम्हीआम्ही वाचलं तर काही बिघडलेलं दिसत नाही. क्रियापदही आलेलं आहे, एक सोडून दोन. पण पुढच्या रविवारी फ्लॅट घेणारे एक गृहस्थ आले ते सगळं मूळ घेऊन आले. मूळ करारनामा, मूळ सूची क्रमांक दोन, सगळं प्लास्टिकच्या फाइलमध्ये नीट लावून. झेरॉक्स एकाचीही नाही. सेक्रेटरी म्हणाले, “प्रती जोडायच्या होत्या.” गृहस्थ म्हणाले, “तुम्हीच मूळ आणायला सांगितलंय.” दोघंही फलकापर्यंत गेले आणि दोघांनीही तीच ओळ एकमेकांना वाचून दाखवली. खाली बाकावर भाऊसाहेब बसले होते. इतकं सुख मी निवृत्त माणसाच्या चेहऱ्यावर पेन्शन वाढल्याच्या दिवशीसुद्धा पाहिलेलं नाही.

“टिंबं कुणाला चिकटलीत ते बघा,” ते म्हणाले. “दोन टिंबं आपल्या लगतच्या वाक्याची असतात. मागच्या मागच्या वाक्याशी त्यांचं देणंघेणं नसतं. तुम्ही शेवटी बोललात ‘मूळ प्रती आणाव्यात’, आणि मग दोन टिंबं दिलीत. म्हणजे ही यादी मूळ प्रतींची झाली. हे गृहस्थ बरोबर आहेत. तुम्हाला हवं ते तुम्ही लिहिलंच नाहीत.”

सेक्रेटरींनी तिथेच फोन काढून दुरुस्ती सुचवली, की टिंबं ‘जोडावीत’ नंतर घेऊ आणि मूळ प्रतींचं शेवटी टाकू. भाऊसाहेबांना तेही पसंत नव्हतं. यादीच्या शेपटाला स्वल्पविराम देऊन ‘मूळ प्रती आणाव्यात’ टाकलं तर तो यादीतला आणखी एक कागद वाटतो. यादी सुरू झाली की वाचणारा सूचना वाचत नाही, मोजत असतो. म्हणून सूचनेची सोय यादीच्या बाहेर करायची, पूर्णविराम देऊन. शिवाय भागपत्राची गोष्ट वेगळीच आहे. त्याच्या मागच्या बाजूला हस्तांतराची नोंद होते, सही-शिक्का होतो. म्हणजे ते मूळच जमा करावं लागतं, त्याची प्रत जोडून भागत नाही. आणि शुल्क? शुल्क हा कागद आहे का? पैसे कुणी अर्जाला जोडतं का? (एका सभासदाने खरोखरच पाचशेची नोट टाचणीने लावून दिली होती. भाऊसाहेब ती नोट गेली याचं नव्हे, तिला भोक पडलं याचं दुःख करतात.)

तर बाकावर बसून त्यांनी जे लिहून दिलं ते असं :

‘सदनिकेच्या हस्तांतरासाठी विहित नमुन्यात अर्ज करावा. अर्जाला पुढील कागदपत्रांच्या प्रती जोडाव्यात : नोंदणीकृत करारनामा, सूची क्रमांक दोन, थकबाकी नसल्याचा दाखला. करारनामा व सूची यांच्या मूळ प्रती फक्त दाखवण्यासाठी आणाव्यात. त्या लगेच परत मिळतील. मूळ भागपत्र जमा करावे. हस्तांतर शुल्क ५०० रुपये व प्रवेश शुल्क १०० रुपये भरून पावती घ्यावी.’

एका वाक्याची सहा वाक्यं झाली आणि त्यांत दोन टिंबं एकदाच आली. सेक्रेटरी म्हणाले, “लांब झालं.” भाऊसाहेब म्हणाले, “मोजा.” मोजलं तर झालंच होतं थोडं लांब. “पण आता रविवारी तुमच्याकडे कुणी भांडायला येणार नाही, तो वेळ वजा करा,” असं म्हणून ते चहाला निघून गेले. मला यात भाऊसाहेबांची बाजू पटते. सूचना आणि यादी एका वाक्यात कोंबण्यात कागद वाचतो, माणूस वाचत नाही.

आता विसर्गाचं. हा भाग भाऊसाहेबांच्या रक्तदाबाशी निगडित असल्याने थोडक्यात सांगतो. मराठीत अपूर्णविरामाला जन्मजात एक तोतया आहे. ‘पुढीलप्रमाणे’च्या शेवटी दोन टिंबं लगटून ठेवली, की ती विसर्गासारखी दिसतात. म्हणून छापखान्यातली जुनी माणसं शब्द आणि टिंबं यांच्यात थोडी मोकळी जागा सोडत, आणि कचेऱ्यांत टिंबांना पुढे एक आडवी रेघ जोडायची पद्धत पडली, ‘विषय :-’ अशी. रेघ दिसली की विसर्ग नव्हे, हे आंधळ्यालाही कळावं. संगणक आल्यावर प्रकरण उलटं झालं. इन्स्क्रिप्ट कळफलकावर इंग्रजीतल्या दोन टिंबांच्या कळीवर ‘च’ आणि ‘छ’ बसलेत, विसर्ग मात्र शिफ्ट दाबून सहज मिळतो. टंकणारा कशाला भाषा बदलत बसतो? तो विसर्गच ठोकतो. कागदावर फरक कळत नाही. पण शब्दापुढे मोकळी जागा सोडून विसर्ग ठोकला तर पडद्यावर तो बहुतेक वेळा तुटक रेषेचं एक गोल भूत घेऊन उभा राहतो, कारण बिचाऱ्याला टेकायला अक्षर हवं असतं. शंका आली तर फाइलमध्ये `:` हे चिन्ह शोधून पाहावं. संगणक ‘सापडत नाही’ म्हणाला आणि डोळ्यांना तर ते दिसतंय, म्हणजे तो तोतया. ही परीक्षा भाऊसाहेबांना त्यांच्या नातवाने शिकवली. त्याच नातवाने फलकावरची ओळ ‘पुढीलप्रमाणेह’ अशी वाचून आजोबांना दोन दिवस आनंदात ठेवलं होतं.

‘स्वतः’ या शब्दानंतर दोन टिंबं द्यायची वेळ आली तर काय करायचं, असं मी त्यांना विचारलं होतं. चार टिंबं एकापुढे एक! भाऊसाहेब बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “वाक्य बदलायचं. क्रियापद आणलं की ‘स्वतः’ आपोआप मागे सरकतो.” उत्तर अर्थातच तेच निघालं.

त्यांची खरी कसोटी लागली ती वारसांच्या नोटिशीत. फ्लॅट विकला तर कागद ठरलेले असतात. सभासद वारला तर घरोघरी वेगळे. सेक्रेटरींनी कायद्याचं कलम समोर ठेवून लिहिलं होतं : ‘मृत सभासदाच्या वारसांनी पुढील कागदपत्रे सादर करावीत : मृत्यूचा दाखला, मृत्युपत्र, उत्तराधिकार प्रमाणपत्र, कायदेशीर वारस प्रमाणपत्र, कौटुंबिक व्यवस्थेचा दस्त.’ क्रियापद जागेवर, टिंबं जागेवर, मोकळी जागासुद्धा सोडलेली. सेक्रेटरी आता तयार झाले होते. भाऊसाहेबांनीही प्रथम मान डोलावली.

तिसऱ्या मजल्यावरच्या काकू ही नोटीस वाचून रडवेल्या झाल्या. काका जाऊन महिना झाला होता. त्यांनी मृत्युपत्र करून ठेवलेलं होतं. काकूंना वाटलं, आता कोर्टातून उत्तराधिकार प्रमाणपत्रही आणायचं, वारस प्रमाणपत्रही, आणि शिवाय मुलांना बोलावून दस्तही करायचा. त्यांनी वकिलाची फी विचारून ठेवली होती.

सहकार कायद्यात या चार गोष्टी ‘किंवा’ने जोडलेल्या आहेत. सोसायटीने यांपैकी ज्याच्या आधारे हक्क दिसतो त्यावर जायचं. दोन टिंबांनी ते ‘किंवा’ गिळून टाकलं. अपूर्णविराम वाचणाऱ्याला सांगतो, की पुढे आहे ते सगळं आण. काही पाहिजे, काही नको, हे त्याला सांगता येत नाही. ते त्याच्या आधीच्या वाक्याने सांगायचं असतं. भाऊसाहेबांनी काकूंना आधी चहा दिला आणि मग, पहिल्यांदाच, लाल पेन बाजूला ठेवून पेन्सिल घेतली.

त्यांनी यादीचे तुकडे केले. जे सर्वांना लागतं ते साध्या वाक्यात घातलं : ‘वारसाने अर्जासोबत मृत्यूचा दाखला जोडावा व मूळ भागपत्र जमा करावे.’ इथे पूर्णविराम. एकदोन कागदांची यादी नसतेच, तिला दोन टिंबांचा दरवाजा कशाला? मग निवडीचं वाक्य : ‘याशिवाय पुढीलपैकी कोणतेही एक सादर करावे : मृत्युपत्र, उत्तराधिकार प्रमाणपत्र, कायदेशीर वारस प्रमाणपत्र, कौटुंबिक व्यवस्थेचा दस्त.’ इथे टिंबं हवीतच, कारण चार नावं एकमेकांशेजारी ठेवल्याशिवाय निवड करता येत नाही. पुन्हा पूर्णविराम. आणि नामनिर्देशनाचं वेगळं वाक्य, यादीत न घालता : ‘सभासदाने नामनिर्देशन केले असल्यास, वारसाचा निर्णय होईपर्यंत नामनिर्देशित व्यक्तीस तात्पुरते सभासद करून घेतले जाईल.’

सेक्रेटरींनी हेच एका वाक्यात करता येईल का म्हणून पाहिलं होतं : ‘सादर करावे : मृत्यूचा दाखला, नामनिर्देशन असल्यास : त्याची प्रत, नसल्यास : मृत्युपत्र…’ भाऊसाहेबांनी ते वाचलं आणि कागद हळूच उलटा ठेवला. दोन टिंबांच्या पोटात दोन टिंबं, आणि पुन्हा त्यांच्याही पोटात. वाचणाऱ्याला आपण कुठल्या मजल्यावर आहोत ते कळेनासं होतं. ‘असल्यास’ आणि ‘नसल्यास’ यांना आपापलं वाक्य आणि आपापला पूर्णविराम दिला की दोन्ही घरं वेगळी होतात, एकाच्या भिंतीतून दुसऱ्याचा आवाज येत नाही.

उभ्या यादीबद्दल मात्र त्यांचं माझ्याशी जमत नाही. कागदांची नावं एकाखाली एक, १, २, ३ करून मांडली असतील आणि वरचं वाक्य ‘आवश्यक कागदपत्रे पुढीलप्रमाणे आहेत’ असं पुरं झालेलं असेल, तर माझ्या मते तिथे पूर्णविराम चालतो. ‘पुढीलप्रमाणे’ने बोट दाखवलंय, मोकळ्या ओळीने जागा केलीय, आकड्यांनी रांग लावलीय. दोन टिंबांना काम उरलेलं नाही. मुद्दे स्वतःच पूर्ण वाक्यं असतील, ‘भागपत्र हरवले असल्यास पोलिसांत तक्रार करून तिची प्रत जोडावी’ यासारखी, तर पूर्णविरामच शोभतो. भाऊसाहेब दुसरी गोष्ट मान्य करतात. पहिलीवर ते म्हणतात, “चालतं ते मलाही माहीत आहे. पण फलकावर पाऊस पडतो, कागद फाटतो, खालचा भाग निघून जातो. वर दोन टिंबं राहिली तर वाचणाऱ्याला निदान कळतं, की खाली काहीतरी होतं.” आमचा फलक गच्चीखाली आहे, तिथे पाऊस येत नाही, पण हे त्यांना सांगून उपयोग नाही.

अखेर नोटीस कमिटीसमोर आली. सगळ्यांनी वाचली, सगळ्यांना कळली, त्यामुळे अध्यक्षांना ती अपुरी वाटली. त्यांनी यादीच्या शेवटी ‘इत्यादी’ घालायला सुचवलं. न जाणो, आणखी काही मागावं लागलं तर?

“मग टिंबं काढा,” भाऊसाहेब म्हणाले.

“का?”

“दोन टिंबं देऊन तुम्ही सांगितलंत, की हे घ्या सगळं. आणि शेवटी म्हणताय, अजून आहे पण सांगणार नाही. मोजून आणलेल्या माणसाला खिडकीतून परत पाठवायची ही सोय आहे. आमच्या कचेरीत होती. मी वापरलीय.”

अध्यक्ष हटेनात. शेवटी भाऊसाहेबांनीच तोड काढली. यादी बंद झाल्यावर पूर्णविराम, आणि खाली नवं वाक्य : ‘आणखी कागदपत्राची गरज भासल्यास समिती त्याची मागणी लेखी करील.’

“लेखी?” अध्यक्ष म्हणाले. “म्हणजे दर वेळी पुन्हा यादी करत बसायची?”

“एकच कागद मागणार असाल तर यादी कसली,” भाऊसाहेब म्हणाले. “सरळ वाक्य लिहायचं. ‘आपण पोलीस तक्रारीची प्रत आणून द्यावी.’ शेवटी एक टिंब. आणि सेक्रेटरी, ते तेवढं शिफ्ट न दाबता.”